आठवणीवर न विसंबता, त्याच क्षणी घेतलेली नोंद: डायरी अभ्यास आणि अनुभव-नमुना पद्धत यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोक रोज काय करतात आणि ते करताना त्यांना कसे वाटत असते, हे जिथल्या तिथे टिपण्याच्या पद्धतींबद्दल ही प्रश्नोत्तरे आहेत. उदाहरण शेवटपर्यंत एकच ठेवले आहे: सिगारेट ओढणारी माणसे नेमकी केव्हा आणि कोणत्या परिस्थितीत सिगारेट पेटवतात, हे शोधायचे आहे. या वागणुकीला स्पष्ट सुरुवात आणि शेवट असतो, ती दिवसातून बऱ्याचदा घडते आणि ‘मी का ओढतो’ याचे उत्तर प्रत्येकाकडे तयार असते. ते तयार उत्तर कितपत खरे, हेच तर तपासायचे असते.

रात्री बसवून दिवसभराचे विचारले तर काय बिघडते?

दोन गोष्टी बिघडतात. पहिली, माणूस मोजत नाही, अंदाज करतो. ‘दिवसाला किती ओढता?’ असे विचारले की उत्तरे १०, १५, २० अशा गोल आकड्यांवर गर्दी करतात. पाकिटात २० असतात, म्हणून ‘एक पाकीट’ हे सोयीचे उत्तर. त्याच लोकांनी प्रत्येक सिगारेट पेटवतानाच नोंदवली, तर अशी गर्दी दिसत नाही.

दुसरी गोष्ट जास्त घातक आहे. आठवताना माणूस रिकाम्या जागा आपल्या समजुतीने भरतो. ‘मला ताण आला की मी ओढतो’ असे ज्याला मनापासून वाटते, त्याला ताणातल्या सिगारेटी आठवतात आणि सहज ओढलेल्या विसरल्या जातात. सॉल शिफमन आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात धूम्रपान सोडू पाहणाऱ्यांनी पुन्हा सिगारेट ओढली गेल्याबरोबर केलेली नोंद आणि काही आठवड्यांनी सांगितलेली आठवण शेजारी ठेवून पाहिली. दोन्हींचा मेळ फारच कमी बसला. त्या वेळी मन किती खट्टू होते आणि त्या खेपेला किती सिगारेटी ओढल्या, या दोन्ही गोष्टी लोकांनी नंतर वाढवून सांगितल्या. शिवाय, सांगतानाच्या घडीला ते ओढत होते की नाही, यानेही आठवणीचा रंग बदलला.

वेदनेच्या बाबतीतही असेच दिसते. डोनाल्ड रेडेलमायर आणि डॅनिएल कानेमन यांनी १९९६ मध्ये कोलोनोस्कोपी करून घेणाऱ्या रुग्णांकडून तपासणी चालू असतानाच दर मिनिटाला वेदनेची नोंद घेतली. तपासणी किती दुखली याची नंतरची आठवण सर्वांत तीव्र क्षणाशी आणि शेवटच्या काही मिनिटांशी जुळली. एकूण वेळ किती लागला, याचा त्या आठवणीवर फारसा परिणाम नव्हता.

डायरी अभ्यास आणि अनुभव-नमुना पद्धत यांत फरक काय?

डायरी अभ्यासात सहभागी बहुधा ठरलेल्या वेळी, म्हणजे रोज रात्री किंवा दिवसातून दोन-तीनदा, नोंद करतो. एखादी घटना घडली की लगेच नोंद करायची, असेही डायरीचे स्वरूप असू शकते. अनुभव-नमुना पद्धतीत कधी विचारायचे हे संशोधक ठरवतो. दिवसभरात अनपेक्षित वेळी सहभागीचा फोन वाजतो आणि ‘आत्ता काय चालले आहे’ एवढेच विचारतो. मिहाय चिक्सेंटमिहाय आणि रीड लार्सन यांनी १९७०च्या दशकात शिकागो विद्यापीठात किशोरवयीन मुलांना पेजर देऊन ही पद्धत रुळवली. पेजर गेले, तरी अशा विचारणीला ‘बीप’ म्हणण्याची सवय तेव्हापासून टिकली आहे. पुढे १९९४ मध्ये आर्थर स्टोन आणि सॉल शिफमन यांनी आरोग्याच्या संशोधनासाठी याच घराण्यातल्या पद्धतींना ‘इकॉलॉजिकल मोमेंटरी असेसमेंट’ हे नाव दिले. शोधनिबंधांत ‘ईएमए’ असे दिसते ते हेच.

व्यवहारात या नावांच्या सीमा पुसट झाल्या आहेत. आराखडा करताना कामाला येते ती लॅड व्हीलर आणि हॅरी राईस यांनी १९९१ मध्ये मांडलेली विभागणी: नोंद घटना घडल्यावर करायची, ठरलेल्या अंतराने करायची, की अचानक आलेल्या बीपवर करायची.

या तिन्हींतून निवड कशी करायची?

वागणूक किती वेळा घडते आणि तुम्हाला तिच्याबद्दल काय हवे, यावरून. आठवड्यातून एकदा होणारे भांडण अचानकच्या बीपमध्ये जवळजवळ कधीच सापडणार नाही; तिथे घटनेवर नोंद हवी. मनःस्थिती दिवसभर असतेच, तिला सुरुवात-शेवट नाही. तिथे बीप हवा. झोप कशी लागली हे सकाळी एकदाच विचारायचे, त्यासाठी ठरलेली वेळ पुरते.

सिगारेटच्या अभ्यासात मात्र दोन प्रकार एकत्र लागतात आणि इथेच बरेच आराखडे फसतात. फक्त सिगारेट पेटवतानाच्या नोंदी घेतल्या, तर समजा १०० पैकी ४० वेळा ‘ताण आहे’ असे उत्तर आले. यावरून ताणामुळे सिगारेट पेटते असे म्हणता येईल का? नाही. हा माणूस न ओढतानाही ४० टक्के वेळ ताणातच असू शकतो. म्हणून सिगारेट हातात नसतानाचे क्षणही अचानक टिपावे लागतात. मग दोन ढीग समोरासमोर ठेवता येतात.

एक पूर्ण आराखडा करून दाखवाल का?

समजा १० दिवसांचा अभ्यास आहे आणि सहभागी दिवसाला साधारण १५ सिगारेटी ओढतो. सिगारेट पेटवली की त्याने अ‍ॅपमधले एक बटण दाबायचे. ही नोंद सगळ्या सिगारेटींची हवी. पण प्रत्येक वेळी प्रश्नावली उघडली, तर दोन दिवसांत तो बटण दाबणेच सोडेल. म्हणून तीन सिगारेटींमागे साधारण एकीला प्रश्न येतात आणि ती कोणती, हे अ‍ॅप यादृच्छिकपणे ठरवते. बाकीच्या दोन वेळा ‘नोंद झाली’ एवढेच दिसते. दहा दिवसांत सुमारे १५० सिगारेटी आणि त्यांतल्या ५० सविस्तर.

दुसऱ्या बाजूला रोज पाच बीप. सहभागी सकाळी ८ ते रात्री ११ जागा असेल, तर हे १५ तास तीन-तीन तासांच्या पाच टप्प्यांत वाटायचे आणि प्रत्येक टप्प्यात एक बीप यादृच्छिक वेळी द्यायचा. टप्पे न करता पाच वेळा नुसत्या सोडतीने काढल्या, तर एखाद्या दिवशी चार बीप सकाळीच येतात आणि संध्याकाळ कोरी राहते. दोन बीपांत किमान अर्ध्या तासाचे अंतर ठेवायचे, नाहीतर १०:५८ आणि ११:०३ अशी जोडी पडते आणि माणूस वैतागतो. बीपला उत्तर द्यायला १५ मिनिटे, मध्ये एकदा आठवण, त्यानंतर तो बंद.

जागे राहण्याच्या वेळा मात्र प्रत्येकाच्या विचारून घ्या. रात्रपाळी करणाऱ्याला दुपारी बीप गेला, तर झोपमोड होतेच, शिवाय त्याचे ओढण्याचे खरे तास बीपांच्या बाहेर राहतात. मग सिगारेटी रात्रीच्या आणि न ओढतानाचे क्षण दिवसाचे, अशी तुलना होते. ती निरुपयोगी असते.

नोंद खरोखर त्याच वेळी झाली, हे कशावरून?

या क्षेत्रातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मला हाच वाटतो. ‘त्याच क्षणी’ हे शब्द आराखड्यात लिहिल्याने खरे होत नाहीत.

२००२ साली ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात आर्थर स्टोन आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. दीर्घकाळ वेदना सोसणाऱ्या ८० प्रौढांपैकी निम्म्यांना कागदी डायरी दिली आणि निम्म्यांना इलेक्ट्रॉनिक. तीन आठवडे, रोज सकाळी १०, दुपारी ४ आणि रात्री ८ वाजता नोंद करायची होती. कागदी डायरीच्या बाडात प्रकाश ओळखणारा सेन्सर बसवलेला होता आणि डायरी उघडली की ती वेळ साठवली जात होती. सहभागींना हे माहीत नव्हते. डायरीत लिहिलेल्या तारखा आणि वेळा पाहिल्या, तर ९० टक्के नोंदी वेळेवर होत्या. सेन्सरप्रमाणे ठरलेल्या वेळेच्या १५ मिनिटे अलीकडे-पलीकडे झालेल्या नोंदी फक्त ११ टक्के निघाल्या. मुभा वाढवून पाऊण तास केली, तरी प्रमाण २० टक्क्यांवरच थांबले. ३२ टक्के दिवशी डायरी उघडलीच नव्हती आणि तरी त्या दिवसांची पाने जवळजवळ पूर्ण भरलेली होती. इलेक्ट्रॉनिक डायरीत पालन, म्हणजे खरोखर वेळेवर झालेल्या नोंदींचे प्रमाण, ९४ टक्के होते.

या लोकांना लबाड ठरवू नये. त्यांना पाने भरून परत करायची होती आणि दवाखान्यात जाण्याआधी बसून त्यांनी ती भरली. दोष पद्धतीचा होता: नंतर भरायला तिने मुभा दिली आणि नंतर भरले आहे, हे कळू दिले नाही.

मग अ‍ॅप वापरले की प्रश्न मिटला?

बीपांपुरता बराचसा मिटतो, कारण १५ मिनिटांनी बीप बंदच होतो. सिगारेटच्या बटणाचा मिटत नाही. बटण कधीही दाबता येते, त्यामुळे त्याचा डेटा डोळ्यांनी पाहावा लागतो. समजा एका सहभागीच्या नोंदी अशा आहेत: २२:५१:०४, २२:५१:४०, २२:५२:१५. सव्वा मिनिटाच्या आत तीन सिगारेटी कोणी पेटवत नाही. झोपण्याआधी दिवसाचा हिशेब पुरा केला आहे. अशा नोंदी संख्येसाठी चालतील, पण ‘पेटवताना मन कसे होते’ यासाठी मुळीच नाही. दोन नोंदींतले अंतर चार-पाच मिनिटांहून कमी असेल, तर त्यावर खूण करणारी एक ओळ विश्लेषणाच्या सुरुवातीलाच लिहावी.

बीपांच्या बाबतीत चार वेळा साठवाव्यात: बीप ठरला कधी, फोनवर दिसला कधी, उघडला कधी, शेवटचे उत्तर कधी. १४:३७ला दिसला, १४:४१ला उघडला, १४:४२:३०ला संपला, ही चांगली नोंद. बारा प्रश्न सात सेकंदांत संपले असतील, तर न वाचता बोट फिरवले आहे.

विसरलेल्या सिगारेटी शोधायलाही बीप उपयोगी पडतो. प्रत्येक बीपचा पहिला प्रश्न ठेवा: ‘गेल्या १५ मिनिटांत सिगारेट पेटवली का?’ समजा सगळ्या सहभागींचे मिळून २४ वेळा ‘हो’ आले आणि त्यांपैकी १८ वेळाच त्या आधीच्या पाव तासात बटणाची नोंद आहे. म्हणजे चारांतली एक सिगारेट बटणापर्यंत पोचत नाही. हा आकडा अहवालात द्यावाच. तोच सगळ्यांत प्रामाणिक आकडा असतो, पण बहुतेक ठिकाणी तो दिसत नाही.

प्रश्न किती आणि कसे असावेत?

एका बीपला मिनिटभर पुरावे. संशोधकाला ‘आणखी एक प्रश्न घालू’ असे नेहमी वाटते आणि ते महागात पडते. गुद्रुन आयझेले आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांवर केलेल्या एका प्रयोगात दिवसाला ३, ६ किंवा ९ बीप आणि ३० किंवा ६० प्रश्न अशा वेगवेगळ्या जोड्या लावून पाहिल्या. लांब प्रश्नावलीने ओझे वाढले आणि पालन घटले; बीप वाढवल्याचा तसा परिणाम दिसला नाही. म्हणून काटकसर करायची ती आधी प्रश्नांत.

शब्दरचनेत काळ पक्का हवा. ‘तुम्ही अस्वस्थ असता का?’ या प्रश्नाला माणूस स्वभाव सांगतो. ‘बीप वाजायच्या जरा आधी किती अस्वस्थ वाटत होते?’ याला तो क्षण सांगतो. ‘जरा आधी’ यासाठी की बीपनेच माणूस दचकतो किंवा त्रासतो आणि ती त्रासिक भावना उत्तरात उतरते. ‘मागच्या बीपपासून आतापर्यंत’ असे विचारणे वाईट नाही, पण तो छोटा का होईना, आठवणीचा प्रश्न झाला. दोन्ही प्रकार मिसळू नयेत.

आणि प्रत्येक ‘हो’ला फाटे फोडू नका. ‘जवळ कोणी ओढत आहे का?’ याला ‘हो’ म्हटले की आणखी पाच प्रश्न येतात, हे सहभागीला दुसऱ्याच दिवशी उमगते. तिसऱ्या दिवसापासून जवळ कोणीच ओढत नसते. उपाय साधा आहे: ‘नाही’ म्हणणाऱ्यालाही तितकेच, दुसऱ्या विषयाचे, प्रश्न द्यावेत.

नोंद ठेवल्यामुळे वागणूकच बदलत नाही का?

बदलू शकते. सिगारेट कमी करायचीच आहे अशा माणसाने प्रत्येक वेळी बटण दाबले, तर काही सिगारेटी तो पेटवणारच नाही; स्वतःची नोंद ठेवणे हा उपचाराचा भाग म्हणून वापरला जातो तो याचसाठी. ज्यांना सवय बदलायची नाही, त्यांच्यात हा परिणाम सहसा किरकोळ असतो. आपल्या डेटात तो आहे का, हे पाहायला दिवसागणिक सिगारेटींची संख्या काढावी. ती हळूहळू उतरत असेल, तर दोन कारणे असू शकतात: ओढणे कमी झाले किंवा नोंदवणे कमी झाले. वर सांगितलेले ‘बीपला हो आणि बटणाची नोंद’ हे प्रमाण पहिल्या आणि शेवटच्या तीन दिवसांसाठी वेगळे काढले, की दोन्हींतला फरक कळतो.

आणखी एक गोष्ट वेगळी आहे. पॅट्रिक श्राउट आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवले की पहिल्यांदा विचारल्यावर लोक आपल्या मनःस्थितीबद्दलची, विशेषतः त्रासाबद्दलची, उत्तरे जास्त तीव्र देतात आणि नंतर ती खाली येऊन स्थिरावतात. त्यामुळे पहिला दिवस सरावाचा धरून विश्लेषणातून बाहेर ठेवावा, असे माझे मत आहे. आणि हे आधीच ठरवावे, आकडे पाहून नव्हे.

काही बीप चुकले तर डेटा बाद होतो का?

चुकणारच. अशा अभ्यासांचा मोठा आढावा घेतला, तर सरासरी पालन ८० टक्क्यांच्या आसपास येते. सगळ्यांचे मिळून ७५ टक्के आले म्हणून घाबरायचे कारण नाही आणि ९० टक्के आले म्हणून निश्चिंत व्हायचेही नाही. कोणते बीप चुकले, हे पाहायला हवे.

आपल्या सहभागीला दहा दिवसांत ५० बीप गेले आणि ४२ची उत्तरे आली, म्हणजे ८४ टक्के. उत्तम. पण चुकलेल्या आठपैकी सहा संध्याकाळी ५ ते ८ या एकाच टप्प्यातले असतील, तर त्या वेळी असे काय चालते? बहुधा घरी परतण्याची धावपळ, म्हणजे कदाचित दिवसातला सगळ्यांत ताणाचा वेळ. मग ‘न ओढतानाचे क्षण’ आहेत त्याहून शांत दिसतील आणि सिगारेटचा ताणाशी नसलेला संबंध उगवेल. चुकलेले बीप वेळेच्या टप्प्यानुसार आणि दिवसानुसार मांडून पाहिले, की असा खड्डा लगेच दिसतो.

एक आडवळण: कधी कधी सहभागीचा काही दोष नसतो. अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवण्यासाठी न वापरलेली अ‍ॅप झोपवतो आणि बीप उशिरा येतो किंवा येतच नाही. आयफोनवर एका अ‍ॅपची एका वेळी ६४च स्थानिक नोटिफिकेशन रांगेत राहतात. रोज पाच बीप आणि प्रत्येकाची एक आठवण धरली, तर १० दिवसांची १०० होतात आणि पुढचे दिवस गप्प जातात. म्हणून ‘फोनवर दिसला कधी’ ही वेळ साठवायची. ती कोरी असेल, तर तो बीप चुकवल्याचे खापर माणसावर फोडता येत नाही. आणि अभ्यास सुरू करताना प्रत्येकाच्या फोनमध्ये त्या अ‍ॅपसाठी बॅटरीची बचत बंद करून घ्यावी, समोर बसून.

मिळालेल्या नोंदींवरून निष्कर्ष कसा काढायचा?

पुन्हा त्याच सहभागीकडे जाऊ. त्याच्या ४२ उत्तरांपैकी दोन वेळा तो ओढत होता, म्हणून न ओढतानाचे ४० क्षण उरले. सिगारेटच्या सविस्तर नोंदी ५०. समजा त्या ५० पैकी २० वेळा, म्हणजे ४० टक्के वेळा, तो ताणात होता. न ओढतानाच्या ४० पैकी १६ वेळा ताणात होता, म्हणजे पुन्हा ४० टक्केच. ताणाचा सिगारेटशी संबंध दिसत नाही. जवळ दुसरे कोणी ओढत होते का? सिगारेटच्या ५० पैकी २० वेळा, म्हणजे ४० टक्के; न ओढताना ४० पैकी ४ वेळा, म्हणजे १० टक्के. इथे फरक आहे. सिगारेटच्या नोंदी तेवढ्याच पाहिल्या असत्या, तर दोन्ही गोष्टी ४० टक्केच दिसल्या असत्या आणि दोन्ही सारख्याच महत्त्वाच्या वाटल्या असत्या.

हे आकडे समजण्यासाठी बनवलेले आहेत, पण याच धाटणीचा खरा अभ्यास झाला आहे. शिफमन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ३०४ धूम्रपान करणाऱ्यांच्या अशा दोन्ही प्रकारच्या नोंदी तपासल्या. सिगारेटचा तलफेशी संबंध ठळक होता. कॉफी, खाणे, आजूबाजूला ओढणारी माणसे यांच्याशी तो माफक होता. मन वाईट असण्याशी संबंध आढळला नाही. ‘ताण आला की ओढतो’ असे प्रश्नावलीत सांगणाऱ्या माणसांच्या जगात हा निकाल ऐकायला अवघड जातो. अर्थात तो रोजच्या ओढण्याबद्दल आहे. सोडलेली सिगारेट पुन्हा सुरू होण्यात वाईट मनःस्थितीचा हात असतो, हे त्याच गटाच्या कामातून पुढे आले आहे. दोन वेगळ्या घटना आहेत, त्या एकात घालू नयेत.

सगळ्या सहभागींचे क्षण एकत्र करताना ते सरळ एकाच ढिगात ओतायचे नाहीत. एका माणसाच्या ९० नोंदी म्हणजे ९० वेगळी माणसे नव्हेत. कोणती नोंद कोणत्या माणसाची, हे हिशेबात धरणारे बहुस्तरीय मॉडेल वापरावे आणि त्यात ताणाचे दोन भाग करावेत: त्या माणसाची सरासरी आणि त्या सरासरीपासूनचे त्या क्षणाचे अंतर. एकाचा ताण ० ते १०० या पट्टीवर सरासरी ६२ आहे आणि आत्ता ७५. दुसऱ्याचा सरासरी २० आणि आत्ता ३३. दोघेही स्वतःच्या नेहमीपेक्षा १३ने वर आहेत. ताणाखाली जगणारी माणसे जास्त ओढतात का, आणि एकच माणूस ताण वाढला की ओढतो का, हे वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर ‘हो’ आणि दुसऱ्याचे ‘नाही’ असे असू शकते.

किती सहभागी लागतात?

क्षण कितीही असले, तरी माणसांमाणसांतला फरक अभ्यासायचा तर माणसेच जास्त हवीत. तिथे बीप वाढवून भागत नाही. एकाच माणसातले चढउतार पाहायचे असतील, तर प्रत्येकाच्या नोंदी पुरेशा हव्यात. नेमका आकडा काढायचा खात्रीचा मार्ग म्हणजे आराखड्याप्रमाणे खोटा डेटा तयार करून, त्यातले वीस-पंचवीस टक्के बीप उडवून, अपेक्षित परिणाम किती वेळा सापडतो हे पाहणे.

एवढे जमणार नसेल तर?

मग दुसऱ्या दिवशी ‘काल’ची पुनर्रचना करून घ्यावी. कानेमन, क्रूगर, श्काडे, श्वार्झ आणि स्टोन यांनी २००४ मध्ये मांडलेल्या दिवस-पुनर्रचना पद्धतीत माणूस कालचा दिवस सलग प्रसंगांत मांडतो. कुठला प्रसंग कधी सुरू झाला, कधी संपला, कोण सोबत होते हे आधी, आणि कसे वाटले हे त्यानंतर. क्रम असाच ठेवायचा, कारण तपशील आधी उभा राहिला की समजुतीने भरायला जागा कमी उरते. ही आठवणच आहे, पण ‘साधारणपणे तुम्हाला कसे वाटते’ यापेक्षा बरी. जेवण, प्रवास, बैठक अशा लांब प्रसंगांसाठी ती चालते. पाच मिनिटांत संपणाऱ्या सिगारेटसाठी मी ती वापरणार नाही.

बीप वाजला तेव्हा सहभागी गाडी चालवत असेल तर?

उत्तर द्यायचे नाही, हे संमतीपत्रातच लिहावे आणि तोंडीही सांगावे. बीप चुकल्याने मानधन कापले जाणार असेल, तर ही सूचना कागदावरच राहते. म्हणून मानधन एकेका बीपला न बांधता एकूण पालनाच्या ढोबळ टप्प्यांना बांधावे. ज्या बीपना उत्तर देता आले नाही, त्यांच्यासाठी अ‍ॅपमध्ये ‘गाडी चालवत होतो’ असा एका स्पर्शाचा पर्याय ठेवावा आणि तो बीप बंद झाल्यावरही तासभर उपलब्ध असावा. यातून मनःस्थिती कळणार नाही, पण त्या वेळी तो कुठे होता ते कळेल. सिगारेटच्या अभ्यासात हे विशेष लागते. गाडीत ओढणारे पुष्कळ असतात, गाडी थांबल्यावर बटण दाबून ती सिगारेट ते नोंदवतात, आणि गाडीतले न ओढतानाचे क्षण मात्र दुसऱ्या ढिगात कधीच येत नाहीत. या एका खुणेमुळे विश्लेषणात गाडीतल्या सिगारेटी वेगळ्या काढून तुलना पुन्हा करून पाहता येते.